भिंग (हिलसा) आणि रोहू-कटल्यात इतके बारीक काटे का असतात? कापताना आणि शिजवताना काय करायचं?

प्राजक्ता_बोरिवली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वर्षानुवर्षं सुरमई, पापलेट, बोंबील, कोळंबी एवढंच येतं. या रविवारी मार्केटात भिंग दिसला, चांगला सव्वा किलोच्या वरचा, चकचकीत, आणि मावशी म्हणाल्या गाबोळी पण आहे आत, तर घेतला. त्यांनी नेहमीसारख्या सुरमईच्या कापतात तशा तुकड्या करून दिल्या. चव अप्रतिम, म्हणजे खरंच, त्या तेलाचा वासच वेगळा. पण मुलांना खाता येईना. प्रत्येक घासात काटा, आणि तेही केसासारखे, दिसतच नाहीत. सासूबाईंनी पण अर्धी तुकडी बाजूला ठेवली.

माझे प्रश्न दोन. सुरमईला मधला एक काटा काढला की काम झालं, मग यालाच एवढे का? आणि कापण्यात किंवा शिजवण्यात असं काही आहे का की ज्याने हे काटे कमी त्रास देतील? रोहू-कटल्याचं पण असंच असतं ना, ते स्वस्त मिळतात म्हणून विचारतेय. चव आवडलीय त्यामुळे सोडायचा नाहीये मासा.

अविनाश_ठाणे

सोप्पं आहे. हे नदीतले मासे. गोड्या पाण्यातल्या माशाला काटे जास्त, समुद्रातल्याला कमी. भिंग पण पावसाळ्यात नदीत चढतो अंडी घालायला, भरूचला नर्मदेत मिळतो तो चाकसी म्हणजे हाच. प्रवाहाच्या उलटं पोहायचं म्हणजे अंगात जास्त आधार लागणार, म्हणून काटे. उपाय म्हणजे व्हिनेगर. अर्धा तास व्हिनेगर आणि लिंबू लावून ठेवा, काटे विरघळतात. केमिस्ट्री आहे, कॅल्शियम ॲसिडमधे विरघळतं.

दर्याकाठ

अविनाशजी, भिंग नदीत चढतो हे बरोबर, पण काट्यांचं कारण गोडं पाणी नाही. उलटी उदाहरणं आपल्याच बाजारात आहेत. मरळ तळ्यातली, तिलापिया तळ्यातला, दोघांनाही हे बारीक काटे नाहीत. आणि करली? पूर्ण समुद्रातली, आणि मुंबईत काट्यांसाठी तिच्याएवढं नाव कोणाचंच नसेल. मांदेली, तारली सुद्धा समुद्रातल्याच, त्यांनाही भरपूर काटे असतात, फक्त मासा एवढुसा असल्यामुळे तळल्यावर आपण ते चावून टाकतो आणि लक्षातच येत नाही.

मी वर्सोव्याला फिशरीज शिकलो आणि नंतर बरीच वर्षं मासे प्रक्रियेच्या कामात होतो, तर जेवढं माहीत आहे ते सांगतो.

माशाच्या अंगात दोन प्रकारची हाडं लक्षात घ्या. एक म्हणजे पाठीचा कणा आणि त्याला जोडलेल्या फासळ्या, हा तुमचा सुरमईतला मधला काटा. दुसरे म्हणजे मांसात सुटे पडलेले काटे. शिजलेल्या माशाचे मांस पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतं ना, त्या दोन पापुद्र्यांच्या मधे एक पातळ पडदा असतो. हे काटे त्या पडद्यात तयार होतात. बाकीची बरीच हाडं आधी कूर्चा असतात आणि मग कडक होतात, याचं तसं नाही, स्नायूला जोडणाऱ्या तंतूंच्या जागीच थेट हाड बनतं. बहुतेक काटे कण्याला घट्ट सांधलेले नसतात, म्हणून कणा उचलला तरी ते मांसातच राहतात. काहींचं एक टोक दुबेळकं असतं, इंग्रजी वायसारखं, आणि डोक्याकडच्या भागात तर आणखी फाटे फुटतात. घशात किंवा हिरडीत अडकतो तो बहुतेक वेळा असला फाटा असलेलाच, कारण तो सरळ मागे येत नाही.

आता "यालाच का" ह्याचं उत्तर. हे काटे माशांच्या जुन्या घराण्यांत आहेत. भिंग, तारली, मांदेली, करली हे एका गणातले. रोहू, कटला, मृगळ आणि आपल्या धरणातला सायप्रिनस हे दुसऱ्या गणातले. वाम तिसरीकडची. नंतरच्या काळात जी घराणी वेगळी झाली, म्हणजे पापलेट, सुरमई, रावस, तिलापिया, त्यांच्यात हे काटे जवळपास गेलेच, फार तर डोक्यामागे एक ओळ उरली. त्यातून भिंगाच्या गणात कण्याच्या वर, मधे आणि खाली अशा तीन ओळी असतात, रोहूच्या गणात मधली ओळ नसते. रोहू-सायप्रिनसमधे हे काटे १०० च्या आगेमागे असतात, भिंगात त्याहून बरेच जास्त.

अविनाश_ठाणे

मरळ आणि तिलापियाचं पटलं. पण मग पोहण्याचा संबंध नाहीच म्हणता? भिंगाइतका प्रवास कोण करतं?

दर्याकाठ

संबंध असू शकतो. स्नायूचं बळ एका पापुद्र्यातून दुसऱ्यात पोचवायला आणि अंग ताठ ठेवायला ह्या काट्यांचा उपयोग होत असावा असं मानतात. पण सुरमई आणि ट्युना भिंगापेक्षा कितीतरी जोरात पोहतात आणि त्यांचं ह्यांच्यावाचून अडत नाही. चीनमधे गेल्या काही वर्षांत एक जनुक बंद करून हे काटेच नसलेले कार्प जातीचे मासे तयार केलेत, तेही व्यवस्थित वाढतात. त्यामुळे "पोहायला लागतात म्हणून आहेत" इतकं सरळ उत्तर देता येत नाही. ह्यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

सुलभा कुलकर्णी

माझ्या नातवाच्या घशात मागच्या महिन्यात काटा अडकला होता त्यावर कुणी काही सांगेल का. आम्ही त्याला केळं दिलं, मग कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला, लिंबूपाणी दिलं. रात्री दोनला डॉक्टरकडे न्यावं लागलं. त्यांनी दुर्बिणीने बघून चिमट्याने काढला. व्हिनेगरने विरघळतो म्हणता तर अशा वेळी व्हिनेगर प्यायला द्यायचं का?

दर्याकाठ

सुलभाताई, नाही, कृपा करून नको. व्हिनेगर घशातून दोन सेकंदात खाली जातं, तेवढ्यात काट्याला काही होत नाही, घसा मात्र चुरचुरतो. भाताचा गोळा आणि केळं हा घरोघरी चालणारा उपाय आहे पण त्याने काटा आणखी आत रुतू शकतो. खोकून किंवा चूळ भरून निघाला तर निघाला, नाहीतर कान-नाक-घसा डॉक्टर. आणि असले बारीक काटे साध्या एक्स-रेमधे बऱ्याचदा दिसत नाहीत, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला पण गिळताना एकाच जागी टोचतंय असं मूल सांगत असेल तर तिथेच थांबू नका, दुर्बिणीने बघा म्हणावं. तुम्ही डॉक्टरकडे नेलंत ते उत्तम केलंत.

मीनल_पवई

माझं सासर कोलकात्याचं, सात-आठ वर्षं तिकडे राहून आता पवईत. प्राजक्ता, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "सुरमईच्या कापतात तशा तुकड्या" ह्यात आहे बघ.

सुरमईची तुकडी मुंबईत साधारण एक सेंटिमीटर, फार तर बोटाएवढी जाड कापतात, तव्यावर पटकन होते म्हणून. भिंगाचा बारीक काटा असतो दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि तो मांसात तिरका, शेपटीकडे झुकलेला असतो. आता एवढ्या पातळ तुकड्या केल्या की कोयता प्रत्येक काट्याचे दोन किंवा तीन तुकडे करतो. म्हणजे आधी शंभर होते ते अडीचशे झाले, आणि प्रत्येक तुकडा इतका आखूड की बोटाला लागत नाही पण घशाला टोचायला पुरेसा लांब. दोन्हीकडून नुकसान.

तिकडे इलिशच्या तुकड्या जाड कापतात, दोन ते अडीच सेंटिमीटर. काटा शक्यतो अख्खा ठेवायचा. मग खाताना बोटांनी मांस पापुद्र्यांच्या रेषेत दाबून उघडायचं, काटा लांब असल्यामुळे चटकन जाणवतो आणि टोक धरून पूर्ण निघतो. काट्याचमच्याने इलिश कुणी खात नाही तिकडे, हाताला जे कळतं ते चमच्याला कळत नाही.

आणि दुसरं म्हणजे पोट आणि पाठ वेगळी. मोठ्या इलिशचे कण्याच्या रेषेत उभे दोन भाग करतात, पोटाकडच्या तुकडीला म्हणतात पेटी आणि पाठीकडच्याला गादा. पेटीत मुख्यतः फासळ्या, लांब आणि जाड, मुलंसुद्धा बघून काढू शकतात, आणि तेल पण तिथेच जास्त. बारीक काट्यांचं रान सगळं गाद्यात आणि शेपटीत. माझ्या सासूबाई मुलांना आणि पाहुण्यांना पेटी द्यायच्या, गादा घरातली जाणती माणसं खायची.

प्राजक्ता_बोरिवली

अरे वा, हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मावशींना काय सांगायचं नक्की? एक सव्वा-दीड किलोचा भिंग धरून सांग ना पहिल्यापासून.

मीनल_पवई

सांगते. खवले काढून, कल्ले काढून, मासा अख्खा असतानाच धुवून घ्यायचा. तुकड्या केल्यावर रगडून धुवायचा नाही, तेल आणि चव जाते असं सगळेच म्हणतात तिकडे. पोट उघडताना गाबोळी सांभाळून. डोकं कल्ल्यामागून कापायचं. पोटाच्या खालच्या कडेला एक कडक टोकदार खवल्यांची धार असते, हाताला लगेच लागते, ती हवी तर पातळ कापून टाकायला सांग, मुलांसाठी तेवढं करच.

मग पोटाची पोकळी जिथे संपते तिथे आडवा काप. पुढचा भाग एकीकडे, शेपटीचा भाग दुसरीकडे. पुढच्या भागाच्या अडीच सेंटिमीटरच्या चार-पाच तुकड्या होतात. प्रत्येक तुकडीत कण्याच्या खालून एक काप घेतला की पेटी सुटी होते, कणा गाद्याबरोबर राहतो. शेपटीकडचा भाग, साधारण वीतभर, तो तळायला घेऊ नकोसच. तिथे पोकळी नाही, त्यामुळे कण्याच्या वर पण बारीक काटे आणि खाली पण. तो कुकरला किंवा किसून वड्यांना.

शिजवायला पेटी आणि गादा दोन्ही मोहरीच्या वाटणात वाफवते मी, बारा-पंधरा मिनिटं. मांस पापुद्र्याने सुटतं आणि काटा हाताला लागतो. कडक तळलं की मांस काट्याला धरून बसतं.

वेसावकरीण

मी कोळीण, आमचं घराणं वेसाव्यात पिढ्यानपिढ्या मासळीतच. मीनलताईंचं बरोबर आहे पण गिऱ्हाईकच सांगतं ना "पातळ कर, पातळ कर, जास्त तुकड्या होऊ दे". मग आम्ही पातळ करतो. भिंग घेताना सांगा जाड हवी म्हणून, आम्ही करून देऊ. फक्त गर्दीच्या वेळेला पेटी सोडवून मागू नका, दहा मिनिटं थांबा आणि मग सांगा.

आणि करलीबद्दल कुणीतरी लिहिलंय वर. करलीला आम्ही जाड ठेवत नाही, उलटं करतो. पाठीवर दोन्ही अंगाला अगदी जवळ जवळ चिरा देतो, चामडीपर्यंत पण चामडी तोडायची नाही. मग कडक तळायची. काटा लागतच नाही. नाहीतर चमच्याने मांस खरवडून घ्यायचं आणि वड्या करायच्या. माझी आई खरवडताना बोट फिरवून बघायची, ज्या अंगाला चमचा अडत नाही त्याच अंगाला खरवडायचं, म्हणजे काटा मागे चामडीवर राहतो आणि मांस तेवढं येतं. उलट्या अंगाने खरवडलं की काटे पण उपटून येतात.

आणि भिंग मोठाच घ्या. लहान भिंगात काटे कमी असतात असं वाटतं लोकांना, तसं नाय.

दर्याकाठ

वेसावकरीणताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. काट्यांची संख्या माशाच्या वयाबरोबर वाढत नाही, ती स्नायूच्या पापुद्र्यांशी बांधलेली असते. पावशेराच्या भिंगात आणि दीड किलोच्या भिंगात काटे जवळपास तेवढेच. लहानात ते दिसायला आणि धरायला कठीण, मांस कमी, म्हणजे दर घासाला काटे जास्त. शिवाय लहान भिंग पकडले तर पुढच्या वर्षी अंडी घालायला मासाच उरत नाही, म्हणून पश्चिम बंगालमधे २३ सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश धरायला आणि विकायला बंदी आहे. किलोच्या वरचाच घ्या.

आणि मीनलताईंची जाड तुकडी आणि करलीच्या जवळ जवळ चिरा ह्या परस्परविरोधी वाटल्या तरी दोन्ही बरोबर आहेत. काटा एकतर अख्खा ठेवायचा म्हणजे काढता येतो, नाहीतर इतका बारीक तोडायचा की तो जाणवतच नाही. दोन-तीन मिलीमीटरचा तुकडा टोचत नाही, तळल्यावर चुरतो. एक सेंटिमीटरचा तुकडा काढताही येत नाही आणि चावताही येत नाही. नेहमीची तुकडी नेमकी तिथे येते.

जपानमधे वामेच्याच कुळातला एक मासा आहे, हामो. त्याला साधारण तीन सेंटिमीटरमधे चोवीस चिरा देतात, म्हणजे सव्वा मिलीमीटरला एक. त्यासाठी वेगळी जड सुरी असते. आपल्याकडे वामेचा शेपटीचा भाग काटेरी म्हणून लोक घेत नाहीत, पण तोच भाग असा चिरला तर खाता येतो.

रोहन_पी

मग हे रोहूला चालेल का? मी जिम करतो, प्रोटीनसाठी रोहू परवडतो, पण काटे काढता काढता जेवण थंड होतं. फिलेट काढून ट्वीझरने काटे काढायचा प्रयत्न केला, अर्धा तास गेला, मांसाचा भुगा झाला आणि तरी काटे राहिलेच.

दर्याकाठ

रोहन, चिमट्याने रावसासारख्या माशाचे काटे निघतात कारण ते एका ओळीत आणि सरळ असतात. रोहूचे दुबेळके असतात, ओढले की फाट्यात मांस अडकून येतं, म्हणून भुगा झाला.

रोहूला चिरा उत्तम चालतात, भिंगापेक्षा चांगल्या, कारण त्याचं मांस घट्ट असतं. दीड किलोचा रोहू घे. चामडी ठेवून दोन्ही बाजूच्या फिलेट काढून घे, फासळ्या खालून सुरी सरकवून वेगळ्या कर. फिलेट फ्रीजरमधे पाऊण तास ठेव, पूर्ण गोठायला नको, फक्त ताठ व्हायला हवी. मग चामडी खाली करून पाटावर ठेव आणि चामडीला काटकोनात, दोन ते तीन मिलीमीटरवर एकेक चीर दे, सुरी चामडीला टेकली की थांब. कण्याच्या रेषेच्या वरचा भाग पूर्ण लांबीभर चिरायचा. खालचा भाग फक्त पोकळी संपते तिथून शेपटीपर्यंत, पुढे पोटाच्या मांसात बारीक काटे नसतात, तिथे उगाच चिरू नको.

बरोबर होतंय की नाही हे कानाने कळतं. काटा तुटला की बारीक "कट्" असा आवाज येतो, सुरीच्या पात्याला पण जाणवतं. मांस चिरतंय पण आवाजच नाही म्हणजे सुरी बोथट आहे, काटा तुटण्याऐवजी वाकून बाजूला सरकतोय. तिथेच थांबून धार लाव. नंतर तुकडी चामडीच्या बाजूने वाकवून चिरा उघड आणि बोट फिरव, कुठे लांब टोक टोचलं तर त्या जागी आणखी एक चीर.

मग मीठ-हळद-तिखट, वरून तांदळाचं पीठ, पण चिरांमधे पीठ ठासून भरू नको, तेल आत गेलं पाहिजे. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं, मग काढून दोन मिनिटं थांब आणि तापलेल्या तेलात पुन्हा एक मिनिट. पहिल्या वेळी काट्यातलं पाणी जातं, दुसऱ्या वेळी तो ठिसूळ होतो. एकदम मोठ्या आचेवर टाकलास तर बाहेरून लाल आणि आत काटा तसाच चिवट.

मर्यादा पण सांगतो. डोक्यामागच्या तीन-चार बोटं भागातले फाट्यांचे काटे जाड असतात, तिथे थोडी कचकच राहते. आणि चिरा दिलेली तुकडी रश्श्यात टाकली तर काटे कुरकुरीत होणार नाहीत, आखूड झाल्यामुळे टोचत नाहीत पण रवाळ लागतं. लहान मुलांना तरी पोटाचाच भाग दे.

कल्याणकर

सगळं ठीक, पण कुकर सगळ्यात सोपा. आमचे शेजारी सिंधी, त्यांच्याकडे ह्याला पल्ला म्हणतात, त्यांची आजी मंद आचेवर कांद्यात तासन् तास ठेवायची. मी कुकर करतो. शेपटीच्या तुकड्या, कांद्याचा जाड थर, चिंचेचा कोळ, दोन चमचे व्हिनेगर, पाणी अगदी थोडं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, चाळीस मिनिटं. बारीक काटे बोटात चुरतात, मधला कणा पण मऊ होतो. टिनमधली तारली लागते तसं.

अविनाश_ठाणे

बघा, म्हणजे व्हिनेगर चालतंच!

दर्याकाठ

थोडं चालतं, पण मुख्य काम उष्णतेचं आहे. हाड म्हणजे चुना आणि त्याला धरून ठेवणारा कोलॅजेन. कुकरमधे १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, तिथे कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं आणि काट्याचा सांगाडा सुटतो. उघड्या पातेल्यात १०० च्या वर जात नाही, म्हणून आजींना तासन् तास लागायचे. आंबटामुळे चुना थोडा निघतो आणि काम जरा लवकर होतं. थंड व्हिनेगरात काटा मऊ व्हायला कित्येक दिवस मुरवावं लागतं, युरोपात हेरिंगचं लोणचं घालतात तसं. अर्ध्या तासात मांसाचा वरचा थर पांढरा पडतो, आतल्या काट्याला काही होत नाही. तुम्हीच करून बघा, एक काटा वाटीत व्हिनेगरमधे ठेवा आणि अर्ध्या तासाने वाकवून बघा.

मीनल_पवई

मला कुकरचा भिंग अजिबात पटत नाही. चाळीस मिनिटांत त्या तेलाचा वास उडून जातो, मांस कोरडं दाणेदार होतं. मग तारलीच घ्यावी की, निम्म्याहून कमी पैशात.

कल्याणकर

ताई, पेटी कुकरला घालतच नाही मी, फक्त शेपूट. ती नाहीतर वायाच जाते. आणि दुसऱ्या दिवशी मुरल्यावर खा, तेल रश्श्यात उतरलेलं असतं. आमच्याकडे तीच आधी संपते.

प्राजक्ता_बोरिवली

ठरलं, पुढच्या वेळी पेटी वेगळी आणि शेपूट कुकरला. गाबोळीत काटे नसतात ना? ती मुलांना आवडली होती.

वेसावकरीण

गाबोळीत काटा नाय. फक्त भोवतीची पातळ पिशवी फोडू नका, हळद-मीठ लावून मंद आचेवर झाकण ठेवून, घाई केली की फुटून तेल उडतं अंगावर. पारशी गिऱ्हाईकं तर नुसती गाबोळी मागायला येतात, मासा नको म्हणतात.

रोहन_पी

आज केला रोहू. सुरीला धार लावून घेतली, तो "कट्" आवाज खरंच येतो. मागचा भाग मस्त झाला, काटा शोधून सापडला नाही. डोक्यामागे मात्र दोन-तीन कडक लागले. तिथे दीड मिलीमीटरवर चिरा दिल्या तर जातील का?

दर्याकाठ

जातील, पण मांस धरून राहणार नाही इतक्या जवळ, रोहूचं सुद्धा. तो तीन-चार बोटांचा तुकडा चामडीवरून खरवडून घे आणि पाट्यावर वाट किंवा खिमा यंत्रातून दोनदा काढ, मग वड्या. मिक्सरला लावलंस तर थांबून थांबून फिरव, एकसलग फिरवलं की मांस गरम होऊन चिकट होतं आणि काटे पात्याखालून निसटतात.

वेसावकरीण

आणि वाटताना थोडं मीठ आधीच घाला, मांस आळतं, काटा असला तर पाट्यावर खरखर ऐकू येते.